'स्थितप्रज्ञाची भाषा' : एका शब्दाचा अर्थ आणि टीकाकारांची साक्ष



गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चोपन्नावा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. तिथून अध्यायाच्या शेवटापर्यंतचे एकोणीस श्लोक गांधीजींच्या आश्रमात सायंप्रार्थनेत म्हटले जात. विनोबांनी 1944 साली शिवनीच्या तुरुंगात याच श्लोकांवर दिलेली व्याख्याने पुढे 'स्थितप्रज्ञदर्शन' या नावाने पुस्तकरूपात आली. या चोपन्नाव्या श्लोकात अर्जुन प्रश्न विचारतो. स्थितप्रज्ञ हा शब्द गीतेत इथे पहिल्यांदा येतो, आणि त्याला लागूनच आजच्या व्याख्यानाचा विषय असलेला शब्द आहे : भाषा. अर्जुन विचारतो, स्थितप्रज्ञाची भाषा कोणती? श्लोकाच्या उत्तरार्धात तो आणखी तीन प्रश्न विचारतो. असा मनुष्य बोलेल काय, बसेल काय, चालेल काय? मराठी कानाला पहिल्या प्रश्नात अडण्यासारखे काहीच वाटत नाही. भाषा हा आपला रोजचा शब्द आहे. म्हणून स्थितप्रज्ञ कोणत्या भाषेत बोलतो, त्याची वाणी कशी असते, असा अर्थ मनात आपोआप उभा राहतो. अनेक निरूपणांत आणि प्रवचनांत तो तसाच सांगितलाही जातो.

हा अर्थ बरोबर की चूक हे ठरवायचे कसे, एवढाच आजचा प्रश्न आहे. ठरवण्याचा एक जुना मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे : श्लोकावरची टीका उघडायची आणि टीकाकाराने दिलेला अर्थ घ्यायचा. हा मार्ग मला मान्य आहे, पण त्यावरून सहसा ज्या पद्धतीने चालले जाते ती मला मान्य नाही. टीका हा दुसरा शब्दकोश नव्हे. ती श्लोकाविषयी केलेला एक युक्तिवाद असते. टीकाकाराने अर्थ दिला म्हणून तो स्वीकारणे आणि तो अर्थ ज्या अडचणीतून निघाला ती अडचण शोधून, श्लोकातच तपासून मग स्वीकारणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. 'भाषा' हा शब्द घेऊन हा फरक तपशिलात पाहता येतो.

आधी कोशाकडे जाऊ. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश पुण्यात 1890 साली प्रसिद्ध झाला आणि आजही संस्कृतचा विद्यार्थी प्रथम तोच हातात घेतो. त्यात भाषा या शब्दाखाली बोलणे, भाषा, लोकभाषा असे अर्थ आहेत, न्यायव्यवहारातला एक अर्थ आहे आणि 'लक्षण, वर्णन' असाही एक अर्थ आहे. हा शेवटचा अर्थ सापडला की वाचकाला बरे वाटते. मग तो शांकरभाष्य उघडतो, तिथे त्याच वळणाचा अर्थ दिसतो आणि कोश व टीका दोघांचीही साक्ष जुळली असे तो समजतो. पण आपट्यांनी लक्षण या अर्थासाठी दिलेला दाखला पाहावा. तो दाखला याच श्लोकाचा आहे. मोनियर-विल्यम्स यांच्या कोशातही या अर्थापुढे भगवद्गीतेचाच निर्देश आहे. कोशकाराला या श्लोकातला हा अर्थ कुठून मिळाला असेल? उघडच, टीकांतून. म्हणजे वाचकाने ज्यांना दोन साक्षीदार मानले ते खरे तर एकच आहेत, आणि तोच साक्षीदार दोनदा पिंजऱ्यात येऊन गेला आहे. संस्कृत शब्दांच्या बाबतीत हा धोका नेहमीचा आहे. कोशातल्या अर्थापुढे एकच स्थळ दिलेले असेल आणि ते आपल्याच श्लोकाचे असेल, तर त्या नोंदीला स्वतंत्र पुरावा म्हणता येत नाही. कोशाने फक्त टीकेची पोच दिलेली असते.

तर मग टीकेलाच विचारले पाहिजे, आणि तिने काय सांगितले एवढ्यावर न थांबता का सांगितले हेही विचारले पाहिजे. शंकराचार्य या ठिकाणी थोडक्यात बोलतात. भाषा म्हणजे भाषण, वचन, असा सरळ पर्याय ते आधी देतात आणि लगेच स्पष्ट करतात की इतर लोक त्याच्याविषयी कसे बोलतात, असा प्रश्न आहे. पुढे उत्तरार्धातल्या बोलण्याबद्दल लिहिताना 'स्वयम्' हा शब्द ते मुद्दाम घालतात : तो स्वतः काय बोलेल. इतर लोक आणि तो स्वतः, या दोन टोकांवर त्यांचा सगळा अर्थ तोललेला आहे. रामानुजाचार्य थोड्या वेगळ्या वाटेने जातात. स्थितप्रज्ञाचा वाचक शब्द कोणता, म्हणजे त्याचे स्वरूप कसे, असे ते म्हणतात. मध्वाचार्य आणि श्रीधरस्वामी शब्दाची फोड करतात : जिच्या योगे एखाद्याविषयी बोलले जाते ती भाषा, अर्थात लक्षण. चौघांचे शब्द वेगळे असले तरी रोख एकच आहे. पहिल्या प्रश्नात स्थितप्रज्ञ बोलणारा नाही, ज्याच्याविषयी बोलले जाते तो आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने हा सगळा भेद एका षष्ठीत आहे. 'स्थितप्रज्ञस्य' ही षष्ठी कर्त्याची आहे की कर्माची? पाणिनीच्या नियमाने कृदन्त नामाबरोबर कर्ता आणि कर्म दोन्हींना षष्ठी येऊ शकते. आपल्या मराठीतही तसेच आहे. 'आईची आठवण' म्हटले की आईला येणारी आठवण आणि आईविषयी येणारी आठवण असे दोन्ही अर्थ निघू शकतात, आणि कोणता घ्यायचा ते पुढचे वाक्य ठरवते. मधुसूदन सरस्वतींनी इथली षष्ठी कर्माची आहे असे स्पष्ट लिहिले आहे. भाष् धातूपासून जो प्रत्यय लागून भाषा शब्द बनतो, तो केवळ क्रियेपुरताच मर्यादित नाही. ज्या साधनाने ती क्रिया होते त्या अर्थीही तो येतो, म्हणून श्रीधरांची फोड व्याकरणात बसते. पण व्याकरण इथे फक्त परवानगी देते. कर्त्याच्या षष्ठीलाही त्याची तितकीच परवानगी आहे. तेव्हा टीकाकारांनी कर्माची षष्ठी निवडली त्याचे कारण व्याकरणात नाही, ते श्लोकात शोधावे लागते.

ते कारण टीकाकार उघड सांगत नाहीत. सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही, कारण त्यांचा वाचक श्लोक पाठ असलेला होता. पण शंकराचार्यांच्या 'स्वयम्' या एका शब्दातून ते दिसते. पूर्वार्धातली भाषा म्हणजे स्थितप्रज्ञाचे बोलणे असेल, तर उत्तरार्धात 'काय बोलेल' हा प्रश्न पुन्हा कशाला? चार प्रश्नांपैकी दोन एकच होऊन बसतात. यावर एक चांगला आक्षेप घेता येतो, आणि भाषा म्हणजे वाणी असे मानणारे तो घेतातही. पहिला प्रश्न बोलण्याच्या रीतीविषयी आहे आणि दुसरा बोलण्याच्या विषयाविषयी, असे ते म्हणतात. एकात कसे आणि दुसऱ्यात काय, मग पुनरुक्ती कुठे राहिली? हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो उत्तरार्धातल्या 'किम्' या शब्दापाशी अडतो. किम् तिथे तीनदा आला आहे आणि एकदा तो 'आसीत' या क्रियापदाबरोबर आहे. बसणे ही अकर्मक क्रिया आहे. 'काय बसेल' याला संस्कृतातही अर्थ नाही आणि मराठीतही नाही. म्हणून शंकराचार्य तिथे स्पष्ट करतात की त्याचे बसणे आणि चालणे कसे असते, असा किम् चा अर्थ आहे. एका दमात, एकाच रचनेत तीनदा आलेल्या शब्दाचा अर्थ दोनदा 'कसे' आणि एकदा 'काय' असा घेणे ओढाताणीचे होईल. किम् म्हणजे कसे हे एकदा मान्य केले की दुसरा प्रश्न 'तो कसा बोलतो' असाच होतो. बोलण्याची रीत तिथेच विचारून झालेली आहे. मग पूर्वार्धातल्या भाषेसाठी ती रीत शिल्लक राहत नाही. इथे टीकेचा उपयोग कसा झाला ते पाहावे. 'भाषा'वरच्या निरूपणापेक्षा 'किम्'वरच्या एका ओळीच्या टिपणाने निर्णयाचे जास्त काम केले. ज्या शब्दाबद्दल शंका असेल त्या शब्दावरचीच टीका वाचून थांबणारा वाचक हे टिपण गमावतो.

आता प्रश्नांवरून उत्तरांकडे येऊ, कारण खरा पुरावा तिथे आहे आणि तो कोणाच्याही टीकेवर अवलंबून नाही. पंचावन्नाव्या श्लोकापासून कृष्ण उत्तर देऊ लागतो. मनातल्या सगळ्या कामना जेव्हा मनुष्य टाकतो आणि आत्म्यातच आत्म्याने संतुष्ट होतो, तेव्हा त्याला स्थितप्रज्ञ म्हणतात, असा त्या श्लोकाचा आशय आहे. तिथले क्रियापद 'उच्यते' आहे : म्हटले जाते. कर्मणी प्रयोग आहे आणि म्हणणारे लोक आहेत. अर्जुनाने 'त्याला काय म्हणतात, कशावरून म्हणतात' असे विचारले असेल तर हे उत्तर त्या प्रश्नाला नेमके जुळते. 'त्याची वाणी कशी' असे विचारले असेल तर पंचावन्नावा श्लोक कोणत्याच प्रश्नाचे उत्तर राहत नाही, कारण त्यात वाणीचा शब्दही नाही. पुढे पाहावे. एकसष्टाव्या श्लोकात इंद्रिये आवरून युक्त होऊन बसावे असे येते, आणि तिथले क्रियापद 'आसीत' आहे. अर्जुनाच्या तिसऱ्या प्रश्नातले रूपही हुबेहूब तेच आहे. चौसष्टाव्या श्लोकात रागद्वेष सोडलेल्या इंद्रियांनी विषयांत वावरणाऱ्याचे वर्णन आहे. तिथे 'चरन्' आहे, आणि एकाहत्तराव्यात पुन्हा 'चरति'. व्रजेत या चौथ्या प्रश्नाचा हा प्रतिसाद आहे. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाला उत्तरात त्याच धातूचे पडसाद आहेत, चौथ्याला समानार्थी धातूचे आहेत आणि पहिल्याला 'उच्यते'चे आहेत, पण ते तेव्हाच ऐकू येतात जेव्हा भाषा म्हणजे 'त्याच्याविषयी म्हटले जाणे' असा अर्थ घेतला जातो. माझ्या मते निर्णय इथे होतो. टीकाकारांनी आपल्याला या उत्तरापर्यंत आणले हे खरे, पण शेवटचा पुरावा मूळ ग्रंथाचाच आहे.

एक शास्त्रीय आक्षेप उरतो आणि तो टाळता येणार नाही. मीमांसकांचा नियम आहे की शब्दाचा रूढ अर्थ आणि धातूवरून काढलेला यौगिक अर्थ यांच्यात विरोध आला तर रूढ अर्थ बलवान. भाषा म्हणजे बोलणे हा रूढ अर्थ, आणि 'जिच्या योगे बोलले जाते ती' हा यौगिक. मग श्रीधरांनी आणि मध्वांनी रूढी सोडली कशी? याला दोन उत्तरे आहेत. रूढ अर्थाला मान आहे तो वाक्यात त्याचा मेळ बसतो तोवरच, आणि इथे तो बसत नाही हे आत्ताच पाहिले. दुसरे असे की 'विषय निश्चित करणारे वचन' हा अर्थ भाषा शब्दाला अगदीच परका नाही. धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणात वादीने राजसभेपुढे मांडलेल्या लेखी म्हणण्याला भाषा म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी भाषा, प्रतिज्ञा आणि पक्ष हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे मानले आहेत. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिलेल्या या ग्रंथाचा गीतेशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच तो इथे मोलाचा आहे. दावा ज्या वचनात नेमका बांधला जातो ते वचन म्हणजे भाषा. बोलण्याची क्रिया तिथे मागे पडली आहे आणि ज्याविषयी बोलले त्याची निश्चिती पुढे आली आहे. शास्त्रकारांचा परिभाषा हा शब्दही त्याच कुळातला. आपट्यांच्या कोशात न्यायव्यवहारातला अर्थ लक्षण या अर्थाच्या जवळच आहे. कोश वाचताना आपण त्याला या श्लोकाशी असंबद्ध समजून ओलांडून जातो, पण स्वतंत्र साक्ष हवी असेल तर ती नेमकी त्याच नोंदीत आहे.

टीकांविषयी सर्वांत जोराने घेतला जाणारा आक्षेप यापुढचा आहे. हे टीकाकार गीतेनंतर शतकानुशतके झाले. शंकराचार्य साधारण आठव्या शतकातले, रामानुज अकराव्या-बाराव्यातले, मध्व तेराव्यातले. प्रत्येकाला आपला सिद्धान्त गीतेतून काढून दाखवायचा होता. मग शब्दार्थाच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? आक्षेपातली माहिती खरी आहे, पण ती वापरायची कशी हे लक्षात घेतले पाहिजे. सिद्धान्ताचा दबाव सगळ्या शब्दांवर सारखा पडत नाही. भाषा म्हणजे वाणी की लक्षण, यावर अद्वैत किंवा द्वैत काहीच अवलंबून नाही. अशा शब्दावर अद्वैती, विशिष्टाद्वैती आणि द्वैती तिघांचेही एकमत होते, तेव्हा ते मत त्यांच्या पंथांतून आलेले नसून श्लोकाच्या वाचनातून आलेले आहे असे मानायला जागा मिळते. हे तिघे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र होते असे मी म्हणत नाही. मागून आलेल्यांनी पूर्वीचे भाष्य वाचलेले होते. पण वाचले होते ते प्रतिपक्ष म्हणून. जिथे चूक काढता आली असती तिथे ती काढण्याची त्यांना पुरेपूर इच्छा होती. विरोधकाने न खोडलेला अर्थ हा अनुयायाने उचललेल्या अर्थापेक्षा भारी असतो.

याच कसोटीवर टिळकांची साक्ष मला फार महत्त्वाची वाटते. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'चा सगळा भर शंकराचार्यांच्या निवृत्तिपर अर्थाचे खंडन करण्यावर आहे. प्रसिद्ध टीकाकारांनी गीता आपापल्या संप्रदायाकडे ओढली, हा टिळकांचा आरोप तर उघडच आहे. तरीही या श्लोकापाशी आल्यावर भाषा हा शब्द लक्षण या अर्थी आहे असे ते टीपेत नोंदवतात, आणि मूळ धातूला जवळ राहण्यासाठी त्याचे मराठी 'कोणाला म्हणावे' या वळणाचे करतात. हे मराठी मला सर्व पर्यायांत चांगले वाटते. 'लक्षण' म्हटले की अर्थ पोचतो पण भाष् धातू हरवतो, आणि पंचावन्नाव्यातल्या 'उच्यते'शी असलेली गाठही सुटते. 'म्हणावे' या क्रियापदात प्रश्न आणि उत्तर दोन्ही एका धाग्यात राहतात. ज्ञानेश्वरांनीही हा प्रश्न मराठीत आणताना भाषेची गोष्ट काढलेली नाही. त्यांचा अर्जुन स्थितप्रज्ञ कोणत्या 'चिन्हां'नी ओळखावा असे विचारतो. विनोबांच्या 'गीताई'तही या ठिकाणी भाषा हा शब्द नाही. मराठीत भाषा हा शब्द उपलब्ध असूनही या तिघांनी तो आणला नाही. मूळचाच शब्द आपल्या भाषेत जसाच्या तसा सापडतो तेव्हा तो उचलण्याचा मोह सर्वांत मोठा असतो, आणि तिथेच अर्थ घसरतो.

पण एकमत आहे म्हणून टीकाकारांचे सगळेच घेता येते असे नाही. याच प्रकरणातला एकसष्टावा श्लोक पाहावा. तिथे 'मत्पर' हा शब्द आहे. मी ज्याचा पर, म्हणजे श्रेष्ठ, अंतिम आश्रय, तो मत्पर, ही समासाची फोड कोणालाही नाकारता येत नाही. शंकराचार्य ती फोड देतात. पण फोड देतानाच ते 'मी' म्हणजे सर्वांचा अंतरात्मा असलेला वासुदेव असे सांगतात आणि मी त्याच्याहून वेगळा नाही अशा भावनेने बसावे, असे पुढे जोडतात. रामानुजांना तिथे चित्ताचा शुभ आश्रय असलेला भगवंत दिसतो, ज्याच्या ठिकाणी मन ठेवल्याशिवाय इंद्रियजय साधत नाही. समासापर्यंत दोघे बरोबर चालतात, सर्वनामापाशी वाटा फुटतात. टीका वाचताना हा सांधा बोटाने चाचपून पाहावा लागतो : कुठपर्यंत टीकाकार शब्दाला दुसरा शब्द देतो आहे आणि कुठून तो शब्दात नसलेले वाक्य घालू लागतो. सांधा ओळखायची खूण अशी की टीकाकाराने दिलेल्या पर्यायापैकी जेवढा भाग मूळ शब्दाच्या जागी ठेवून श्लोक व्याकरणशुद्ध वाचता येतो तेवढा अर्थ, आणि जो ठेवता येत नाही तो सिद्धान्त. 'मी त्याच्याहून वेगळा नाही' हे वाक्य मत्पर शब्दाच्या जागी बसत नाही. ते मौल्यवान असेल, पण तो शब्दार्थ नव्हे.

आणखी एक गोष्ट टीका उघडण्यापूर्वीच तपासायची असते, ती म्हणजे टीकाकारापुढचा पाठ आपल्यापुढचाच आहे का. मेघदूताच्या आरंभी आषाढाचा कोणता दिवस आहे यावर हे चांगले दिसते. मल्लिनाथांचा पाठ 'प्रथमदिवसे' आहे आणि आपण सारे आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदासाची आठवण काढतो ती त्यावरूनच. पण काश्मीरचे वल्लभदेव मल्लिनाथांच्याही आधीचे, आणि त्यांच्यापुढे 'प्रशमदिवसे' असा पाठ होता, म्हणजे महिना संपतानाचा दिवस. वल्लभदेवांची टीका वाचून छापील प्रतीतल्या 'प्रथम' शब्दाचा अर्थ ठरवायला बसलो तर आपण त्यांच्याकडून नसलेल्या शब्दाचा अर्थ मागू. आपल्या श्लोकातल्या भाषा शब्दाबाबत वर सांगितलेल्या टीकाकारांपुढे शब्द एकच आहे, म्हणून ही अडचण आली नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो मघापासून बाजूला राहिला आहे. तो कसा बोलतो, याचे उत्तर कुठे आहे? इथे टीकाकारांत फूट पडते. मधुसूदन सरस्वती म्हणतात की छप्पन्न आणि सत्तावन्न या दोन श्लोकांत आहे. श्रीधरस्वामी एकट्या सत्तावन्नाव्याकडे बोट दाखवतात. छप्पन्नाव्यात दुःखात उद्विग्न न होणाऱ्या, सुखाची हाव नसलेल्या, राग, भय आणि क्रोध गेलेल्या मुनीला स्थितधी म्हणतात असे आहे. त्यात बोलण्याचा उल्लेख नाही. उलट 'उच्यते' हे क्रियापद पुन्हा आले आहे, म्हणजे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर चालू आहे. मग मधुसूदनांना तो श्लोक बोलण्याविषयी का वाटला? त्यांनी चोपन्नाव्या श्लोकातले चार प्रश्न दोन अवस्थांत वाटले आहेत. पहिला समाधीत असलेल्याविषयीचा, आणि उरलेले तीन समाधीतून उठलेल्याविषयीचे. सुखदुःखाची भाषा समाधीत संभवत नाही, म्हणून छप्पन्नावा श्लोक त्यांना उठलेल्याच्या बाजूला न्यावा लागला, आणि तिथे नेल्यावर तो बोलण्याच्या प्रश्नाला जोडणे भाग पडले. असा मुनी शिष्यांच्या शिक्षणासाठी आपली अनुद्विग्नता प्रकट करणारे बोल बोलतो, असे ते मग म्हणतात. श्लोकात शिष्य नाहीत आणि बोलही नाहीत. सांध्याची मघाची कसोटी लावली की मधुसूदनांचा हा अर्थ शब्दार्थाच्या पलीकडचा ठरतो.

श्रीधरांचा सत्तावन्नावा श्लोक अधिक विचार करायला लावतो. शुभ मिळाल्यावर जो 'अभिनन्दति' नाही आणि अशुभ मिळाल्यावर 'द्वेष्टि' नाही, त्याची प्रज्ञा स्थिर झाली, असा तो श्लोक आहे. अभिनन्दति या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : आनंदणे आणि वाखाणणे. मराठीत अभिनंदन म्हणजे तोंडाने बोलून केलेले कौतुक, त्यामुळे आपल्याला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. श्रीधर तोच घेतात : तो प्रशंसा करीत नाही, निंदाही करीत नाही, उदासीनपणे बोलतो. असे वाचले की दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळते आणि चारही प्रश्न नीट वाटले जातात. शंकराचार्य मात्र आनंदणे हा अर्थ घेतात : तो हर्षत नाही. दोन मान्य टीकाकार, एकच श्लोक, एकाच क्रियापदाचे दोन अर्थ, आणि दोन्ही कोशात आहेत. इथे संख्येने निर्णय होत नाही आणि नावानेही होत नाही. जोडीचा शब्द पाहावा लागतो. द्वेष्टि म्हणजे द्वेष करणे. ती मनाची वृत्ती आहे, वाणीचा व्यापार नव्हे. श्लोकाची रचना शुभाला एक प्रतिक्रिया आणि अशुभाला तिच्या उलट प्रतिक्रिया अशी तराजूसारखी आहे. एका पारड्यात मनातली वृत्ती असेल तर दुसऱ्यातही मनातलीच हवी. श्रीधरांना द्वेष्टि या शब्दाला 'निंदा करतो' असा अर्थ द्यावा लागला, आणि तो अर्थ त्या धातूत सहज मावत नाही. एका शब्दाचा अर्थ जुळवण्यासाठी शेजारच्या शब्दाला वाकवावे लागते, तेव्हा ती निवड चुकीची असण्याचा संभव मोठा. म्हणून इथे मी शंकराचार्यांबरोबर जातो.

याची किंमत मोजावी लागते हे मान्य आहे. सत्तावन्नावा श्लोक हर्ष आणि द्वेष यांविषयी असेल, तर 'तो कसा बोलतो' या प्रश्नाला पुढच्या अठरा श्लोकांत थेट उत्तर उरत नाही. कोणी म्हणेल की यातून माझाच आधीचा युक्तिवाद ढासळतो : प्रश्न आणि उत्तरे यांची जुळणी जर अशी अपुरी आहे, तर भाषा शब्दाचा अर्थ त्या जुळणीवरून काढला कसा? पण ही वस्तुस्थिती उलट दिशेने बोलते. ज्या उत्तरात बोलण्याविषयी एकही श्लोक निर्विवादपणे दाखवता येत नाही, त्याच्या प्रश्नात चारांपैकी दोन प्रश्न बोलण्याविषयी होते असे मानणे अधिकच कठीण जाते. भाषा म्हणजे वाणी धरली तर दोन प्रश्न अनुत्तरित राहतात आणि 'उच्यते'ने संपणारे दोन श्लोक कोणीही न विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे ठरतात. भाषा म्हणजे 'कोणाला म्हणावे' असे धरले तर एकच प्रश्न अनुत्तरित राहतो. श्रीधरांना ती एक रिकामी जागा सहन झाली नाही आणि त्यांनी द्वेष्टि या शब्दाकडून ती भरून घेतली. शंकराचार्यांनी ती तशीच ठेवली. पंचावन्नाव्यापासून अध्याय संपेपर्यंत स्थितप्रज्ञाचे लक्षण आणि साधन सांगितले आहे एवढेच ते म्हणतात, आणि कोणता श्लोक कोणत्या प्रश्नाचा याची वाटणी करत बसत नाहीत.